असेल आणि असता

कुवेतला आले तेव्हा पुण्याच्या एका कॉलेजात नऊ वर्षं तर्कशास्त्र शिकवल्याचा अनुभव माझ्या गाठीशी होता आणि तिथे कुणालाच त्याची गरज नव्हती. नवरा रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर. हवल्लीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली इराणी माणसाची रोट्यांची भट्टी, समोर चपलांचं दुकान. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं मी घर सांभाळण्यात आणि ओळखीच्यांच्या मुलांचं गणित घेण्यात घालवली. ती मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत आणि आपण काही वेगळं करतोय असं त्यांच्या गावीही नसे.

मग खाजगी कॉलेजं निघाली. त्यातल्या एकात कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र शिकवायला कुणी मिळत नव्हतं. विभागप्रमुख इजिप्शियन गृहस्थ होते. त्यांनी माझी पदवी बघितली, अभ्यासक्रमाचा कागद पुढे सरकवला आणि शेवटच्या चार आठवड्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे येतं का?" तिथे लिहिलं होतं: मोडल लॉजिक, शक्य जगांची मांडणी. मी हो म्हटलं. खरं तर एम.ए.ला असताना त्यावरची दोन व्याख्यानं ऐकली होती, एवढीच माझी पुंजी. त्या उन्हाळ्यात पुण्याहून मैत्रिणीकडून एका पुस्तकाची झेरॉक्स मागवून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर बसून पहिल्यापासून शिकले.

वर्गात बावीस मुली होत्या. मुलांचा वर्ग वेगळा, तो दुसरे कुणी घेत. बऱ्याचशा कुवेती, काही पॅलेस्टिनी, दोन लेबनीज आणि एक आपल्याकडची, रत्नागिरीची. तिच्या वडिलांचं शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ती जन्मली कुवेतमध्येच, अरबी तिला त्या मुलींइतक्याच सफाईने येई. मी पीएच.डी. केलेली नव्हती, तरी सगळ्या मला 'डॉक्टर' म्हणत. एकदोनदा दुरुस्ती केली, मग सोडून दिलं. रत्नागिरीची तेवढी मला मॅडम म्हणे.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'या खोलीतला एसी चालू आहे.' 'त्रिकोणाला तीन बाजू आहेत.' विचारलं, दोन्ही खरी आहेत का? हो म्हणाल्या. मग त्यांच्या खरेपणात फरक आहे की नाही? पहिलं खोटं असू शकलं असतं, कुणीतरी बटण दाबलं की झालं. दुसरं खोटं ठरेल अशी परिस्थिती रचताच येत नाही. हा फरक पकडायचा तर नुसतं खरं आणि खोटं एवढ्यावर भागत नाही. म्हणून आपण आहे त्या परिस्थितीच्या जोडीला दुसऱ्या परिस्थितीही विचारात घेतो, गोष्टी जशा असू शकल्या असत्या तशा. तशा प्रत्येक संपूर्ण परिस्थितीला 'जग' म्हणायचं.

"ही जगं कुठे असतात?" एकीने विचारलं.

"कुठे जायचं नाहीये," मी म्हटलं. "तो ग्रह नाही. प्रत्येक वाक्य तिथे खरं की खोटं हे ठरलेलं आहे, एवढंच आपल्याला हवं. कागदावर आपण त्याचं वर्तुळ काढू."

मी तीन वर्तुळं काढली, अ, ब आणि क. अ पासून ब कडे एक बाण, अ पासून क कडे एक बाण. बाण म्हणजे काय, तर अ मध्ये उभं राहून विचार करताना जी जगं हिशोबात धरायची ती. मग नियम सांगितले. अ मध्ये एखादी गोष्ट अनिवार्य आहे म्हणजे अ मधून ज्या ज्या जगाकडे बाण जातो त्या प्रत्येक जगात ती खरी आहे. शक्य आहे म्हणजे बाण जाणाऱ्या निदान एका जगात ती खरी आहे. आणि अनिवार्य नाही म्हणजे काय? बाणाच्या टोकाला कुठेतरी ती खोटी आहे. म्हणजेच तिच्या उलट असणं शक्य आहे. ही दोन चिन्हं एकमेकांवरून काढता येतात, हे त्यांनी चटकन उचललं.

अडलं ते पुढे. मी ब आणि क मध्ये 'प' खरं लिहिलं आणि अ मध्ये खोटं. विचारलं, अ मध्ये प अनिवार्य आहे का?

वर्गात गडबड झाली. अनिवार्य आहे आणि खरं नाही, असं कसं होईल? मागच्या बाकावरची एक कुवेती मुलगी तोवर कधी बोलली नव्हती. काळा अबाया, कडेला साधी शिवण, समोर चौकोनांची वही. तिने हात वर केला.

"व्याख्येने आहे," ती म्हणाली. "अ मधून अ कडे बाण काढलेला नाही, म्हणून अ मध्ये काय आहे ते आपण बघतच नाही."

बरोबर होतं. इतरांना पटावं म्हणून मी पाचव्या रिंग रोडचं उदाहरण घेतलं. 'सगळ्या गाड्या वेगमर्यादेत आहेत' हे प. बाण कुठे जातात, तर ज्या जगांत वाहतुकीचे नियम पाळले जातात तिकडे. त्या सगळ्या जगांत प खरं. म्हणून आपल्या जगात प 'अनिवार्य' आहे, म्हणजे नियमाने तसं असलंच पाहिजे. आणि आपल्या जगात ते खरं आहे का? मुली हसल्या. एक म्हणाली, तिचा भाऊ एकटाच ते खोटं ठरवायला पुरेसा आहे. मग त्यांनीच सांगितलं: आपलं जग स्वतःकडे बाण टाकत नाही, कारण आपल्या जगात नियम पाळले जात नाहीत. आणि जो अनिवार्य या शब्दाने 'खरं असायलाच हवं, खरं आहेच' असं म्हणतो, त्याने प्रत्येक जगाचा स्वतःकडेही एक बाण काढला पाहिजे. चिन्ह तेच राहतं. 'अनिवार्य'चा अर्थ आपण कोणता घेतो त्यावर बाण ठरतात.

तो तास चांगला झाला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्या या बाणांवरून मला आमच्या प्लँटची ड्रॉइंग्ज आठवली.

पुढच्या आठवड्यात मी ज्ञानाकडे वळले. इथे बाण काढायचे ते असे: मला जे माहीत आहे त्याच्याशी जुळणारी जगं कोणती? त्या सगळ्यांकडे बाण. त्या सगळ्यांत जे खरं असेल तेच मला माहीत आहे. एकात खरं आणि दुसऱ्यात खोटं असलं तर माझ्या दृष्टीने दोन्ही शक्य. उदाहरण म्हणून मी नवऱ्याचं देणार होते, तो ऑफिसातून निघाला असेल किंवा नसेल. पण ते फार किरकोळ वाटलं. आमच्या नाशिकच्या नात्यात एक गृहस्थ होते, तरुणपणी घरातून निघून गेले आणि पुन्हा कधी दिसले नाहीत. मी म्हटलं, समजा एक माणूस बरीच वर्षं बेपत्ता आहे. घरच्यांना त्याच्याबद्दल काही कळलेलं नाही. त्यांच्या जगातून दोन बाण निघतात. एका जगात तो जिवंत आहे, एका जगात नाही.

फळ्यावर वर्तुळं काढून मी वळले. वर्गात कुणी हलत नव्हतं. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने हात वर केला.

"किती वर्षांनी पहिला बाण पुसायचा?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच होता.

"वर्षांनी बाण पुसला जात नाही," मी म्हटलं. "काहीतरी कळलं तर पुसला जातो. माणूस शंभर वर्षं जगत नाही वगैरे आपल्याला माहीत असतं, तेही कळणंच. पण नुसती वाट बघण्याने कळण्यात भर पडत नाही."

तिने ते लिहून घेतलं. मी पुढचं शिकवलं.

तास संपल्यावर रत्नागिरीची मुलगी माझ्यामागून जिन्यापर्यंत आली. घरी ती त्यांच्याकडची बोली बोले, माझ्याशी मात्र जपून, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं मराठी.

"मॅडम, तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते. तिच्या वडिलांना नव्वद साली, इराकने कुवेतचा ताबा घेतला तेव्हा उचलून नेलं होतं. इराकी सैनिकांनी. ती सहा वर्षांची होती. त्यानंतर काही कळलं नाही. वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे."

पाच-सहा वर्षं मी त्या देशात राहत होते. बेपत्ता माणसांचे फोटो सरकारी कचेऱ्यांत, कोऑपरेटिव्ह दुकानांच्या दारात पाहिले होते. एकेका चौकात मोठे फलक असत. ते माझ्यासाठी इकामाच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या रांगेत उभं असताना समोर दिसणारी एक भिंत होती. वर्गातल्या कुणाच्या घरचं त्यात असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

"मी तिची माफी मागू का?" मी तिलाच विचारलं.

ती जरा विचार करून म्हणाली, "मागू नका. तिला लाज वाटेल. तिने प्रश्न विचारला ना, मग ठीक आहे."

मी माफी मागितली नाही. पुढचे दोन तास मी सगळी उदाहरणं पत्त्यांची दिली. एकदा एक जग असं काढलं, की ज्यातून एकही बाण बाहेर जात नाही. विचारलं, इथे प अनिवार्य आहे का? निम्म्या वर्गाने नाही म्हटलं. तिने हो म्हटलं. प खोटं ठरवायला बाणाच्या टोकाला निदान एक जग लागेल, तिथे एकही नाही. म्हणून इथे प अनिवार्य आहे, प नसणंही अनिवार्य आहे, आणि शक्य मात्र काहीच नाही. तिने ते इतकं थोडक्यात सांगितलं की दोघीजणी वळून तिच्याकडे बघायला लागल्या.

आठवडाभराने ती माझ्या केबिनमध्ये आली. दुपारची वेळ, बाहेर धुळीने सगळं पिवळं झालेलं. दार तिने उघडंच ठेवलं. वहीत आकृती काढून आणली होती.

"हे अभ्यासक्रमातलं नाही," ती म्हणाली.

"चालेल."

इराकमधली राजवट पडून तेव्हा वर्ष झालं होतं. तिथल्या वाळवंटात सामूहिक कबरी सापडत होत्या आणि त्यातल्या काहींमध्ये कुवेतहून नेलेल्या माणसांचे अवशेष होते. हे वर्तमानपत्रात येत असे. ओळख पटवायची तर रक्ताच्या नातेवाइकांचे नमुने लागत. तिच्या काकाने आपला नमुना दिला होता, पण मुलांचे असतील तर जास्त खात्रीने जुळवता येतं असं कचेरीतल्या माणसाने सांगितलं होतं. ती एकुलती एक. तिच्या आईचा या सगळ्याला विरोध होता.

"आई म्हणते, रक्त दिलं म्हणजे आपण त्याला मेलेला समजलो. देऊ नकोस. दिलं नाहीस तर तो आहे." तिने वही माझ्याकडे वळवली. एका वर्तुळातून दोन बाण, माझ्याच फळ्यावरचे. "मी रक्त दिलं नाही तर हा बाण राहतो. हे बरोबर आहे?"

"हा बाण ज्ञानाचा आहे. तुम्हाला काही कळलं नाही तर तो राहतो. बरोबर."

"आणि दिलं आणि जुळलं, तर जातो."

"हो."

"म्हणजे बाण मी पुसते."

ती ज्यासाठी आली होती ते आता कळलं. तिला काय करावं हे सांगायचा मला काही अधिकार नव्हता, आणि तिने ते विचारलंही नव्हतं. तिने तिच्या आकृतीबद्दल विचारलं होतं. मी पेन्सिल घेतली.

"यात आपलं जग कुठलं?" मी विचारलं.

तिने सुरुवातीच्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"तुझ्या वडिलांचं काय झालं हे त्या वर्तुळात आधीच ठरलेलं आहे. आपल्याला माहीत नाही, म्हणून तिथे आपण काही लिहिलेलं नाही. पण जगाच्या आत वाक्य खरं तरी असतं किंवा खोटं तरी. बाण त्यांच्याबद्दल नाहीत. बाण तुमच्याबद्दल आहेत, तुमच्या घराला काय माहीत आहे त्याबद्दल. बाण पुसला तर वर्तुळाच्या आतलं काही बदलत नाही."

ती आकृतीकडे बघत राहिली.

"आणि ज्ञानाच्या बाणांत एक गोष्ट नेहमी असते," मी म्हटलं. "जे खोटं आहे ते माहीत असू शकत नाही. म्हणून आपलं खरं जग आपल्याला माहीत असलेल्या सगळ्याशी जुळतंच. कितीही बाण पुसले तरी स्वतःकडे येणारा बाण राहतो."

"पण आईला माहीत नाहीये," ती म्हणाली. "तिचा विश्वास आहे."

"विश्वासाचे बाण वेगळे. तुझी आई ज्या जगांकडे बघते त्या सगळ्यांत ते जिवंत आहेत. म्हणून ती म्हणते, तो आहेच. पण विश्वास चुकू शकतो. विश्वासाच्या बाणांत स्वतःकडे येणारा बाण असेलच असं नाही."

"म्हणजे आई जिथे बघते त्यात आपलं जग नसूही शकतं."

"असूही शकतं. दोन्ही."

तिने ते दोन्ही लिहून घेतलं, वर्तुळं पुन्हा काढली, स्वतःकडे वळणारा बाण काढला. मग वही मिटून म्हणाली, "रिंग रोडसारखं." आणि गेली. एखाद्या मुलीला आईच्या मनाविरुद्ध ढकलल्यासारखं मला वाटत होतं. मी जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता, त्याने ते वाटणं कमी झालं नाही.

तिने रक्त दिलं. हे मला रत्नागिरीच्या मुलीकडून कळलं, तीच तिला गाडीने घेऊन गेली होती. आईला चार दिवसांनी सांगितलं. आई तिच्याशी महिनाभर बोलली नाही. मुलगी कॉलेजला येत होती, परीक्षेला बसली. तिचा पेपर वर्गात सगळ्यात चांगला होता. फक्त एका प्रश्नात तिने अर्धं उत्तर लिहून सोडून दिलं होतं आणि मी त्याचे अर्धेच गुण दिले.

उत्तर यायला सात-आठ महिने लागले. मधल्या काळात तिने माझा दुसरा कोर्स घेतला होता. एका रविवारी ती आली नाही, सोमवारी आली नाही. मंगळवारी सकाळी रत्नागिरीच्या मुलीचा मला घरी फोन आला. अवशेष जुळले होते. शवपेटी आली होती, दफन झालं होतं. बायकांचं सांत्वनाला जाणं त्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर. "मॅडम, तुम्ही याल का? तिने विचारलंय."

मी काळ्या रंगाचा पंजाबी ड्रेस घातला, ओढणी डोक्यावरून घेतली. रत्नागिरीची मुलगी आणि तिची आई मला न्यायला आल्या. जहराच्या बाजूला घर होतं, मोठं, फिकट विटांचं. बायकांच्या दिवाणखान्यात भिंतीला लागून चारही बाजूंनी सोफे, मधे मोकळा गालिचा. एक बाई दल्ला, लांब चोचीची पितळी किटली, घेऊन फिरत होती, छोट्या बिनकानाच्या कपात कडू, वेलदोड्याची कॉफी घालत होती. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. आत शिरणाऱ्या बाईने उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकीचा हात हातात घ्यायचा आणि जागा मिळेल तिथे बसायचं. माझी विद्यार्थिनी दाराजवळ उभी होती. तिने माझा हात धरला तेव्हा तिचा हात गार होता. "थँक यू, डॉक्टर," एवढंच म्हणाली आणि मला आत नेऊन आईजवळ बसवलं.

आई माझ्याच वयाची निघाली. मी कुणीतरी म्हातारी बाई डोळ्यांसमोर धरली होती. नवऱ्याला नेलं तेव्हा ती सत्ताविशीची असणार. तिने मला नीट निरखलं आणि अरबीत काही म्हणाली. रत्नागिरीची मुलगी माझ्या पलीकडे बसली होती, तिने खालच्या आवाजात मराठी केलं.

"त्या विचारतायत, बाणांची बाई तुम्हीच का?"

मी हो म्हटलं. मला वाटलं आता ती काहीतरी कठोर बोलेल, आणि बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिने कॉफीचा कप बाजूला ठेवला.

"माझ्या मुलीने मला तुमची चित्रं दाखवली," ती म्हणाली. "ती म्हणाली, आपल्याला कळलं नव्हतं तोवर एका जगात तो होता. चौदा वर्षं मी त्या जगाशी बोलले. आता तुम्ही मला सांगा, ते जग गेलं कुठे?"

रत्नागिरीच्या मुलीने हे मराठीत सांगितलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली. समोरच्या सोफ्यावरच्या दोन बायकाही बघत होत्या. कुणाही परक्या बाईने अशा वेळी देवाची इच्छा म्हणून सोडून दिलं असतं. पण तिने मला माझ्या विषयातलं विचारलं होतं आणि उत्तर मला येत होतं.

मी मराठीतच बोलले. म्हटलं, "त्यांना सांग, ते जग कुठे गेलेलं नाही. त्याच्याकडे जाणारा एक बाण गेला. कळण्याचा. 'तो आला असेल', 'तो येईल', असं आता आपण म्हणू शकत नाही. पण दुसरे बाण आहेत. ते माणसाला काय माहीत आहे यावरून काढत नाहीत. गोष्टी वेगळ्या घडू शकल्या असत्या का, यावरून काढतात. 'तो आला असता.' त्याला नेलं नसतं तर, कुणी सोडून दिलं असतं तर. तो बाण तसाच आहे. तो आला असता हे कालही खरं होतं, आजही खरं आहे. कुठल्याही कागदाने ते खोटं होत नाही."

असेल आणि असता. नुसत्या प्रत्ययाचा फरक. इंग्रजीत शिकवताना मी यासाठी अर्धा फळा भरत असे आणि तरी मुलींची गल्लत होई, कारण तिथे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येऊन बसतात. आपल्या भाषेत ते आधीच वेगळे करून ठेवले आहेत, हे मला त्या सोफ्यावर बसल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं.

रत्नागिरीच्या मुलीने सुरुवात केली, थांबली, पुन्हा सुरुवात केली. अरबीत तिला माझ्या दोन शब्दांसाठी बरीच वाक्यं लागली. मधे तिने आपल्या मैत्रिणीला हाक मारली, दोघी एकमेकींशी भरभर बोलल्या आणि उरलेलं मुलीने आईला सांगितलं. ती आईसमोर गालिच्यावर बसून सांगत होती, हाताने हवेत वर्तुळ काढत होती.

आईने सगळं ऐकलं. मग मुलीला काहीतरी विचारलं, मुलीने मान हलवून होकार दिला. आईने डोळे पुसले. माझ्याकडे वळून ती बोलली ते रत्नागिरीच्या मुलीने जसंच्या तसं सांगितलं:

"त्या म्हणतायत, त्या जगात तो जेवायला बसला की भांडायचा. भातात मीठ कमी आहे म्हणून. तिथेही भांडत असेल."

'असेल' नाही, 'असता', असं म्हणण्याची ती वेळ नव्हती आणि मला तसं म्हणावंसंही वाटलं नाही. दल्ला घेऊन फिरणाऱ्या बाईने माझा कप पुन्हा भरला. पुरे असेल तर कप हलवून परत द्यायचा असतो, हे मला माहीत होतं, तरी मी तिसरा कप घेतला आणि प्यायले. नव्या बायका येत होत्या, जागा हवी होती. मी उठले तेव्हा आईने माझा हात दोन्ही हातांत धरला. क्षमा होती की नुसता रिवाज, ते मला ओळखता आलं नाही.

परतताना गाडीत रत्नागिरीच्या मुलीची आई म्हणाली, "तू एवढा काय काय सांगत होतीस त्यांना?" मुलगी म्हणाली, "मॅडमचा शेवटचा चॅप्टर."

मी आणखी चार वर्षं तो विषय शिकवला. ज्ञानाचे बाण शिकवायच्या आधी वर्गातल्या मुलींची थोडी माहिती काढून ठेवायचे. बेपत्ता माणसाचं उदाहरण पुन्हा दिलं नाही, त्याऐवजी विमानतळावर अडकलेल्या सामानाचं देत असे. ते तितकं चांगलं नव्हतं, पण चालून जाई. 'असेल' आणि 'असता' यांचे दोन वेगळ्या रंगांचे बाण मात्र पहिल्याच आठवड्यात काढायला लागले, एक निळ्या खडूने, एक लाल. त्याने गल्लत खूपच कमी झाली.

ती मुलगी पहिल्या वर्गात पास झाली आणि एका मंत्रालयाच्या कॉम्प्युटर विभागात लागली. आम्ही कुवेत सोडायच्या वर्षी एकदा कोऑपरेटिव्हमध्ये भेटली, आईबरोबर होती. ट्रॉलीत टोमॅटो आणि दहा किलोची बासमतीची पिशवी. आईने मला ओळखलं, हसली, आणि खुणेने मुलीच्या बोटातली अंगठी दाखवली. लग्न ठरलं होतं. मुलगी म्हणाली, नवरा मुलगा वकील आहे, आणि तिने त्याला अनिवार्य आणि शक्य यांचे नियम शिकवायचा प्रयत्न केला होता.

"आलं का त्याला?" मी विचारलं.

"नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "तो प्रत्येक वाक्याला म्हणतो, हे दोन्ही बाजूंनी मांडता येईल."